एक मिनिट पस्तीस सेकंद

गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार जोडून दिंद्रुडला मामाकडे गेलो होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बीड जिल्हा, माजलगावकडे.) हेतू साधा होता. हुरडा खायचा, झोपा काढायच्या आणि मोबाईल शक्यतो चार्जच करायचा नाही. पण आयटीतला भाचा घरी आला की मामाच्या डोक्यात वर्षभर साठलेली सगळी 'कॉम्प्युटरची कामं' एकदम जागी होतात. या वेळचं काम जरा वेगळं निघालं.

झालं असं होतं की गावात कबड्डीचे सामने झाले होते. मामा आयोजकांपैकी एक. चार दुकानदारांनी सारखेच पैसे दिले होते, आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की शूटिंग होणार आहे, व्हिडिओ गावभर जाणार आहे, त्यात तुमचं नाव दिसेल. फायनलचा व्हिडिओ आला, सगळ्यांनी पाहिला, आणि हार्डवेअरवाल्यांनी मामाला चौकात गाठलं. "अण्णा, पैसे सगळ्यांचे सारखे अन् माझं नाव कुठंच दिसंना?" मामा म्हणाला दिसतंय की. ते म्हणाले दाखवा. मामाने व्हिडिओ लावून बोट ठेवलं, "हे काय!" ते म्हणाले, "हे मला माहितीय म्हणून दिसतंय, वाचता येतंय का ते सांगा."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. या माणसाने नकळत जो प्रश्न विचारला, त्याच्यावर गेली चाळीस वर्षं एक अख्खा धंदा चालतोय.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरवर मोजता येत नाही का रं, कोण किती वेळ दिसलं ते?" मामाने विचारलं. मी म्हटलं, "येतं की मामा, त्यात काय!" दोन रविवार गेले त्यात. मोजणं सोपं होतं. काय मोजायचं हे ठरवणं अवघड होतं. ते ठरवताना मी हे काम आधी कोणी कसं केलं ते वाचत गेलो, आणि दर वेळी होतं तसं कामापेक्षा इतिहासातच जास्त रमलो.

सुरुवात सिगारेटपासून होते. अमेरिकेत २ जानेवारी १९७१ पासून टीव्ही आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. कंपन्यांकडे जाहिरातीचा पैसा तर पडून होता. त्याच वर्षी तिथल्या नॅसकार या मोटारशर्यतींच्या मुख्य स्पर्धेला विन्स्टन या सिगारेटचं नाव लागलं. युक्ती सरळ होती. जाहिरात दाखवायला बंदी आहे, शर्यत दाखवायला नाही. शर्यतीत गाडी असते, गाडीवर नाव असतं, ट्रॅकच्या कडेला फलक असतात. कॅमेरा शर्यत दाखवणार आणि फलक आपोआप घरोघर पोचणार.

मग साहजिकच प्रश्न आला की पोचतात ते किती? जाहिरातीचा हिशोब सोपा असतो. तीस सेकंद विकत घेतले, तीस सेकंद दिसले. फलकाचं तसं नाही. कॅमेरामन गाडीच्या मागे पळतोय, त्याला तुमच्या फलकाशी काही देणंघेणं नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बर या गावी, जॉइस ज्युलियस नावाची कंपनी नेमक्या याच कामासाठी सुरू झाली. शर्यतींचं प्रक्षेपण टेप करायचं, माणसं बसवायची आणि कुठलं नाव पडद्यावर किती वेळ दिसलं ते मोजायचं. त्यांच्या नियमातला कळीचा भाग असा होता की लोगो स्पष्ट आणि फोकसमध्ये असला तरच घड्याळ चालू. धुरकट झाला, कापला गेला, की घड्याळ बंद. मग जमलेल्या वेळाला त्याच प्रक्षेपणातल्या तीस सेकंदांच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. समजा नाव एकूण दहा मिनिटं दिसलं, तर ते वीस जाहिरातींइतकं झालं. वीस गुणिले एका जाहिरातीचा दर. प्रायोजकाला रुपयांत (म्हणजे डॉलरमध्ये) आकडा मिळाला, तो खूश.

यातली गोम तुमच्या लक्षात आलीच असेल. जाहिरात तीस सेकंद फक्त तुमचीच असते, पूर्ण पडदा, आवाज, गाणं, सगळं. फलक हा कोपऱ्यात उभा असतो आणि त्याच क्षणी पडद्यावर आणखी सहा नावं असतात. दोघांच्या सेकंदाला एकच भाव लावणं म्हणजे एसटीत उभं राहून केलेल्या प्रवासाला स्लीपर कोचचं भाडं लावण्यासारखं आहे. पण गुणाकारावर टीका करण्याच्या नादात लोक पहिली पायरी विसरतात. 'स्पष्ट आणि फोकसमध्ये' हा नियम त्यांनी लिहून ठेवला होता, आणि तो सगळ्या नावांना सारखाच लागत होता. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता गोष्टीत एक डॉक्टर येतात. अ‍ॅलन ब्लम हे अमेरिकेतले फॅमिली डॉक्टर, तंबाखूचे कट्टर विरोधक. १९७७ मध्ये त्यांनी तंबाखूविरोधी डॉक्टरांची एक संघटनाही काढली होती. १६ जुलै १९८९ रोजी न्यू जर्सीत मेडोलँड्स इथे मार्लबरो ग्रां प्री ही शर्यत झाली. ब्लम यांनी तिचं टीव्ही प्रक्षेपण घेतलं आणि मोजायला बसले. १९९१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांचा लेख आला. ९४ मिनिटांच्या प्रक्षेपणात मार्लबरो हे नाव ५,९३३ वेळा दिसलं किंवा उच्चारलं गेलं होतं, आणि ९४ पैकी सुमारे ४६ मिनिटं ते पडद्यावर होतं. सिगारेटच्या जाहिरातीला अठरा वर्षांपूर्वीच बंदी आलेल्या टीव्हीवर!

५,९३३ हा आकडा खूप गाजला. अजूनही तंबाखूच्या जाहिरातींवरच्या लिखाणात तो सापडतो. पण आपण इंजिनियर मंडळी, आकडा दिसला की भागून बघायची खोड असते. ४६ मिनिटं म्हणजे २,७६० सेकंद. त्याला ५,९३३ ने भागा. दर 'वेळेला' अर्धा सेकंदसुद्धा येत नाही! म्हणजे डॉक्टर खोटं बोलले का? अजिबात नाही. ट्रॅकच्या कडेने एकसारखे छोटे छोटे फलक ओळीने लावलेले होते, आणि मोजणीतला मोठा वाटा त्यांचाच होता. एका दृश्यात असे दहा फलक असले तर ते दहा वेळा मोजले जातात, पण वेळ मात्र एकदाच जातो. म्हणून 'किती वेळा' आणि 'किती वेळ' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं एकमेकांत बदलता येत नाहीत. ब्लम यांनी दोन्ही दिले हा त्यांचा प्रामाणिकपणा. बातम्यांनी त्यातला मोठा उचलला, हा बातम्यांचा स्वभाव.

मला गंमत वेगळीच वाटली. प्रायोजकाचे पैसे घेऊन मोजणाऱ्या कंपनीला आकडा मोठा हवा असतो, म्हणजे गिऱ्हाईक खूश. प्रायोजकाच्या जिवावर उठलेल्या डॉक्टरांनाही आकडा मोठाच हवा होता, म्हणजे सरकार हलेल. एकमेकांच्या विरुद्ध उभी असलेली दोन माणसं एकाच दिशेने ओढत होती. अशा वेळी आकडा फुगलाय का हे बघणारं कोणीच उरत नाही. लहान आकडा हवा असतो फक्त पुढच्या वर्षी भाव पाडून मागणाऱ्या प्रायोजकाला. (आणि आमच्या हार्डवेअरवाल्यांना.)

पुढे हे प्रकरण कोर्टापर्यंतही गेलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलच्या मैदानाशेजारी मार्लबरोचा फलक टीव्ही कॅमेऱ्याला बरोबर दिसेल असा असायचा. १९९५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यावर कारवाई केली, आणि त्याच वर्षी कंपनीने कॅमेऱ्याच्या टप्प्यात येणाऱ्या जागी फलक न लावण्याचं मान्य केलं. म्हणजे फलक कुठे आहे यापेक्षा तो कॅमेऱ्याला कुठून दिसतो हे महत्त्वाचं, ही गोष्ट कायद्यानेही धरली. मैदानातल्या प्रेक्षकासाठी आणि टीव्हीसमोरच्या प्रेक्षकासाठी एकाच फलकाची किंमत वेगळी असते. क्रिकेटमध्ये मैदानाच्या हिरवळीवर रंगवलेले लोगो आठवा. मुख्य कॅमेऱ्यातून ते उभे फलक असल्यासारखे दिसतात, पण प्रत्यक्षात गवतावर ते लांबलचक ताणून रंगवलेले असतात. दुसऱ्या बाजूच्या कॅमेऱ्यावर गेलात की तेच अक्षर लांबोडकं आणि उलटं. एकाच लोगोचा वेळ कॅमेऱ्याप्रमाणे बदलतो.

आपल्याकडचं याचं उदाहरण आपण सगळे बघतच मोठे झालो. नव्वदच्या दशकात भारतीय संघाच्या शर्टावर विल्स होतं. १९९६ चा विश्वचषकसुद्धा विल्स वर्ल्ड कप. त्या स्पर्धेचं अधिकृत पेय कोका-कोला होतं, आणि पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत बाहेरून सगळा धुमाकूळ घातला. त्यानंतर सचिनच्या बॅटवर एमआरएफ आलं. बॅट हा फलक म्हणून काय अफलातून प्रकार आहे बघा. साहेब बॅट चालवत असतात तेव्हा ती एवढी हलते की अक्षरं पुसट होतात, आणि शतक झाल्यावर नेमकी तीच बॅट वर जाते, कॅमेरा जवळ येतो, सगळं स्थिर होतं. दिवसभरात मोजून थोडे सेकंद, पण देश बघत असलेले सेकंद. घड्याळ लावणाऱ्याला हा फरक कळत नाही. त्याच्यासाठी सेकंद म्हणजे सेकंद.

हीच उणीव गोव्यातल्या एका सर्जनने दुसऱ्या टोकाने पकडली. डॉ. शरद वैद्य हे तिथले कर्करोगाचे सर्जन, तंबाखूविरोधी चळवळीतले मोठे नाव. १९९५ मध्ये भारत-न्यूझीलंड मालिका विल्सने प्रायोजित केली होती. त्यानंतर वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या शाळकरी मुलांना प्रश्न विचारले, आणि १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. मालिका पाहिलेल्या मुलांमध्ये तंबाखू करून बघण्याकडे कल जास्त आढळला. इथे प्रश्न पडद्याला न विचारता थेट मुलांनाच विचारलाय. ब्लम सांगतात की नाव ४६ मिनिटं डोळ्यांसमोर होतं. वैद्य सांगतात की डोळ्यांसमोर आलेल्याचं पुढे डोक्यात काय झालं. पहिला आकडा कितीही काळजीपूर्वक काढला तरी त्यातून दुसरा काढता येत नाही. (आयटीसीने २००१ मध्ये भारतीय संघाचं प्रायोजकत्व सोडलं, आणि २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वावर बंदीच आली.)

असो. दिंद्रुडला परत येऊ.

व्हिडिओ होता ५२ मिनिटांचा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधली पाच मिनिटं, आणि शेवटी बक्षीस समारंभ. कॅमेरा एकच. मैदानाच्या अलीकडच्या लांब बाजूला टेबलावर उभं राहून शूटिंगवाल्याने घेतलेला. चार प्रायोजक असे : कृषी सेवा केंद्राचं फ्लेक्स पलीकडच्या बाजूला बरोबर मध्यरेषेसमोर. हार्डवेअरचं डाव्या टोकाला, मेडिकलचं उजव्या टोकाला. आणि कोचिंग क्लासचं नाव दोन्ही संघांच्या जर्सीवर, छातीवर.

पहिलं काम म्हणजे व्हिडिओची दर सेकंदाला एक अशी चित्रं पाडणं.

```
ffmpeg -i final.mp4 -vf fps=1 f_%04d.jpg
```

३,१२० चित्रं. इथे एक खड्डा आहे, त्यात मी पूर्वी पडलोय. फ्रेमचा नंबर घ्यायचा आणि २५ ने भागून वेळ काढायचा हा मोह होतो. मोबाईलवरच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या व्हिडिओत दर सेकंदाच्या फ्रेम सारख्या नसतात, त्यामुळे शेवटाकडे हिशोब चुकत जातो. वरची आज्ञा फाईलमध्ये लिहिलेल्या वेळेप्रमाणे चित्र काढते, म्हणून बरी. सेकंदाला एक चित्र पुरतं का? एकूण वेळ काढायला पुरतं. पाव सेकंद चमकून गेलेलं नाव कधी सापडेल, कधी निसटेल, पण हजारो चित्रांत ते सगळ्यांच्याच बाबतीत सारखं होतं. 'किती वेळा दिसलं' हे मात्र या पद्धतीने काढू नये. दोन चित्रांच्या मधे चढाईवाला फ्लेक्सपुढून दोनदा पळून गेला तर ते आपल्याला कळतच नाही.

सॉफ्टवेअरने लोगो शोधायचा प्रयत्न मी केला. न करतो तर इंजिनियर कसला! डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट नावाची पद्धत आहे. लोगोतल्या ठळक कोपऱ्यांच्या, नक्षीच्या खुणा साठवायच्या आणि तशाच खुणा चित्रात शोधायच्या. लोगो लहानमोठा झाला, थोडा तिरका झाला तरी सापडतो. या आणि नंतरच्या पद्धतींमुळेच माणसांऐवजी यंत्रं मोजायला लागली, आणि लोगोचा आकार, पडद्यावरची जागा, शेजारची गर्दी बघून सेकंदाचा भाव कमीजास्त करणाऱ्या कंपन्या आल्या. त्यातली रेपुकॉम ही ऑस्ट्रेलियात सुरू झालेली कंपनी २०१६ मध्ये नील्सनने विकत घेतली. पण सिफ्टला स्थिर, सपाट आणि नक्षीदार गोष्टी आवडतात. कृषीचं फ्लेक्स मस्त सापडलं, त्यावर पाना-फुलांची आणि नेत्यांच्या फोटोंची गर्दी होती. जर्सी मात्र पार हुकली. घामाने चिकटलेलं, चुणलेलं कापड आणि त्यावर साधी चार अक्षरं. एका नावाला यंत्र न्याय देतंय आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे यंत्रच पक्षपाती झालं. तेव्हा हाताने मोजायचं ठरवलं. एका फेरीत एकच नाव. चारही एकदम बघायला गेलो तर नजर मोठ्या फ्लेक्सकडेच जायची.

आणि इथे नियमाचा प्रश्न आला. आधी सोपा नियम लावला : नावाचा कुठलाही भाग दिसला की धरायचं. निकाल असा. क्लास (जर्सी) ४१ मिनिटं २० सेकंद. कृषी साडेअठ्ठावीस मिनिटं. मेडिकल साडेअकरा. हार्डवेअर १० मिनिटं ४० सेकंद. म्हणजे हार्डवेअर आणि मेडिकल जवळजवळ बरोबरीत, तक्रारीत दम नाही. मामा खूश. "बघ, म्हटलं नव्हतं मी?"

बेरीज केली तर ती ९२ मिनिटं भरते, ५२ मिनिटांच्या व्हिडिओत. यात चूक नाही, एका वेळी दोन-तीन नावं दिसतातच. पण कोणी या बेरजेचे टक्के काढून वाटणी करायला लागलं तर त्याला थांबवावं.

मला हार्डवेअरवाल्यांचं ते वाक्य सोडेना. वाचता येतंय का? मग दुसरा नियम कागदावर लिहिला, मोजायच्या आधी. नावाचा निदान पाऊण भाग उघडा हवा, अक्षरांची उंची निदान वीस पिक्सेल हवी, आणि ज्याला ही दुकानं माहीत नाहीत अशा माणसाला नाव वाचता आलं पाहिजे. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. ओळखीचं नाव आपण वाचत नाही, ओळखतो. मामा नुसत्या हिरव्या रंगावरून 'कृषी सेवा केंद्र' म्हणून मोकळा होतो. म्हणून ऑफिसमधल्या एका मित्राला बसवलं. तो नागपूरचा, दिंद्रुड नकाशावर दाखवता यायचं नाही त्याला. त्याने दहा मिनिटांचा तुकडा स्वतंत्र मोजला. ६०० चित्रांपैकी ४१ ठिकाणी आमचं जमलं नाही, त्यातली बहुतेक जर्सीची. मी 'वाचलेली' जर्सी त्याला वाचता येत नव्हती. तेव्हा जर्सीची सगळी फेरी त्याच्याकडून पुन्हा करून घेतली. (एक मिसळ खर्च.)

दुसऱ्या नियमाचा निकाल. कृषी २० मिनिटं ४० सेकंद. मेडिकल ६ मिनिटं ५० सेकंद. क्लास २ मिनिटं ४० सेकंद, आणि त्यातले दोन मिनिटं बक्षीस समारंभात, सगळे छाती काढून रांगेत उभे असताना. हार्डवेअर १ मिनिट ३५ सेकंद.

पहिल्या यादीत सगळ्यात वर असलेला क्लास तिसरा गेला. आणि बरोबरीत असलेल्या हार्डवेअर-मेडिकलमध्ये चौपटीहून जास्त फरक निघाला. व्हिडिओ तोच, चित्रं तीच.

फरक पडला कशामुळे? मामाला वाटलं शूटिंगवाल्याची काही खुन्नस असेल. तसं काही नव्हतं. अलीकडच्या बाजूला मध्यावर गुणलेखकाचं टेबल होतं, म्हणून शूटिंगवाला डावीकडे सरकून उभा राहिला. डाव्या टोकाचं हार्डवेअरचं फ्लेक्स त्याला जवळ होतं, पण जवळजवळ कडेने दिसत होतं. अर्धवट मिटलेल्या दारासारखं. अक्षरं उंच पण एकमेकांत घुसलेली. उजवं फ्लेक्स लांब, पण समोरून दिसणारं. शिवाय अंधार पडल्यावर हॅलोजनचा झोत डाव्या फ्लेक्सवर पडून मधलं अक्षर पांढरं फट्ट. आणि दुसऱ्या डावात डाव्या टोकाची पोरं उठून फ्लेक्सपुढे उभी राहिली. तीन साधी कारणं, कुणाचाच दोष नाही, आणि फटका एकालाच.

मामाला मी एक पान लिहून दिलं. वर दोन्ही नियम, खाली दोन्ही आकडे, कोणी मोजलं आणि कुठे मतभेद झाले ते. पैशांत रूपांतर केलं नाही. गावात कोणाच्या जाहिरातीच्या दराने गुणणार? आणि एक ओळ घातली की हा पडद्यावर दिसल्याचा वेळ आहे, कोणी बघितलं आणि कोण दुकानात गेलं याचा यात हिशोब नाही. पुढच्या वर्षासाठी दोन सूचना : गुणलेखकाचं टेबल बाजूला घेऊन कॅमेरा मध्यावर, आणि मध्यंतरात संघ जशी बाजू बदलतात तशी दोन्ही टोकांची फ्लेक्सही बदलायची.

मामाने "पहिला आकडाच दाखवू की" असं सुचवून पाहिलं. मी म्हटलं, मामा, दोन्ही दाखवा नाहीतर एकही नको. जरा कुरकुरला, पण दोन्ही दाखवले.

हार्डवेअरवाल्यांनी पान शांतपणे वाचलं म्हणे. एक मिनिट पस्तीस सेकंदांवर बोट ठेवलं, मान हलवली. मग विचारलं, "अन् हे वरच्या कोपऱ्यात शूटिंगवाल्याच्या स्टुडिओचं नाव आहे, ते किती वेळ आहे?"

मामाने मला फोन केला. मी बघितलं. दोन्ही नियमांनी, पूर्ण ५२ मिनिटं. आणि त्याने तर पैसे घेतले होते.